कात्री लाव, पण एकही तुकडा टाकू नकोस

अगं, तुझ्या हॉलमधल्या मनीप्लांटचा फोटो बघितला. कुंडी कपाटावर, तिथून एक वेल पडद्याच्या दांडीवर, दुसरी घड्याळाच्या खिळ्याला अडकवलेली आणि तिसरी टीव्हीच्या मागून थेट दारापर्यंत. शेंड्याकडं चार-पाच पानं आणि मागं सगळा नुसता दोर. "आक्का, खत घालू का?" असं विचारलंयस. खत नको घालूस. त्या झाडाला आत्ता खाण्याची भूक नाही, उजेडाची आहे.

कमी उजेडात वेल पानं करण्यात शक्ती घालवत नाही, लांब धावते. दोन पानांमधलं अंतर वाढत जातं, पान लहान होतं आणि मागची जुनी पानं पिवळी पडून गळतात. तुझ्या फोटोत दोन पानांमध्ये जवळजवळ वीत-वीत अंतर दिसतंय. चांगल्या उजेडातल्या मनीप्लांटला ते दोन-तीन बोटांपेक्षा फारसं जास्त नसतं. म्हणून कात्री हातात घ्यायच्या आधी कुंडीची जागा बदल. पूर्वेच्या गॅलरीत सकाळचं कोवळं ऊन तास-दोन तास मिळालं तरी चालतं. नाहीतर खिडकीपासून हात-दोन हातांवर, जिथं दिवसा दिवा न लावता पेपर वाचता येतो तिथं ठेव. पश्चिमेच्या गॅलरीत मात्र नको. आपल्याकडचं मार्च ते मे मधलं दुपारचं ऊन पानांवर तपकिरी चट्टे पाडतं आणि ते चट्टे परत जात नाहीत. नव्या जागेत आठ-पंधरा दिवस राहू दे, मग छाट. जागा न बदलता छाटलीस तर नवी वेलही तशीच किडकिडीत, लांब येईल आणि सगळी मेहनत वाया जाईल.

आता सासूबाईंचं. मनीप्लांट कापला की घरातला पैसा जातो, असं त्या म्हणतात ना? माझ्याही सासूबाई म्हणायच्या. वर तो चोरून आणलेलाच लागतो म्हणतात, म्हणजे पहिला तुकडा कुणीतरी कुणाच्या तरी घरी कापलेलाच असणार! त्यांना सांग, कापलेलं सगळं मी परत कुंडीत लावणार आहे, घराबाहेर काही जात नाही. हे त्यांची समजूत घालायला म्हणून सांगत नाहीये बरं का. खरी युक्ती तीच आहे.

कारण "छाटलं की झाड भरतं" हे मनीप्लांटच्या बाबतीत अर्धंच खरं आहे. जास्वंदीचा शेंडा खुडला की खाली तीन-चार फांद्या फुटतात. मनीप्लांट तसा नाही. त्याची वेल कापलीस तर कापाच्या लगेच खालचा एक डोळा फुटतो, फार तर दोन. तुझ्या तीन वेली कापल्यास की तीन कोंब येणार, नशीब असेल तर चार-पाच. आठ इंची कुंडीत तीन कोंब म्हणजे परत तीन दोरच. पुष्कळजणी इथंच नाराज होतात, छाटून दोन महिने झाले तरी कुंडी तशीच म्हणून. कुंडी भरते ती कापलेल्या तुकड्यांना मुळं फोडून त्याच कुंडीत परत लावल्यावर. छाटणी म्हणजे बेणं काढणं, एवढंच समज.

बेणं म्हटल्यावर तुला लगेच कळेल, आपण उसातल्या घरातल्या. अख्खा ऊस सरीत आडवा टाकला तर शेंड्याकडचे डोळे आधी फुटतात आणि बुडख्याकडचे मागं राहतात, म्हणून आबा दोन-तीन डोळ्यांची टिपरी करून लागण करायचे. इथंही तेच. वेलीच्या शेंड्यात ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं, ते खाली उतरत राहतं आणि मधल्या डोळ्यांना झोपवून ठेवतं. शेंडा तोडला की वरचा डोळा जागा होतो आणि मग तोच नवा शेंडा होऊन खालच्यांना गप्प बसवतो. तुकडे केले की प्रत्येक तुकड्यातला डोळा आपल्यापुरता राजा. एका लांब वेलीत असे पुष्कळ डोळे असतात. ते सगळे एकट्या शेंड्याच्या दाबाखाली आहेत.

आता डोळा कुठला ते नीट बघून घे, कारण सगळं त्याच्यावर आहे. वेलीवर जिथं पानाचा देठ चिकटतो, तिथं एक कंगोरा असतो. ते पेर. पान गळलेलं असलं तरी त्या जागी कडी घातल्यासारखी एक रेघ राहते. त्याच पेरावर, बहुधा पानाच्या विरुद्ध बाजूला, एक तपकिरी, खरबरीत टोक दिसेल. ते हवेतलं मूळ. पाण्यात मुळं फुटतात ती मुख्यतः तिथून, आणि कोंब येतो तो देठाच्या बगलेतल्या डोळ्यातून. दोन्ही त्या एका पेरातच. म्हणून पेर नसलेलं नुसतं पान देठासकट पाण्यात ठेवलंस तर ते कित्येक महिने हिरवंगार राहतं, तुला वाटतं आता फुटेल, मग फुटेल, आणि कोंब काही येत नाही. देठात डोळाच नसतो, तर येणार कुठून?

कात्री स्पिरिटनं किंवा सॅनिटायझरनं पुसून घे. मातीपासून वर तीन-चार पेरं ठेव आणि शेवटच्या पेराच्या थोडं वर, अर्ध्या बोटावर, काप. पेराच्या अगदी अंगाला लागून कापलं तर डोळा वाळायची भीती, आणि लांब थोटूक ठेवलं तर ते वाळून काळं पडतं. तुझ्या तीन वेलींपैकी दोन आधी काप. तिसरी तशीच पानांसकट राहू दे. तिन्ही एकदम कापल्यास तर कुंडीत एकही पान उरणार नाही. झाड तेवढ्यानं मरत नाही, मनीप्लांट फार चिवट असतो, पण पानं नसली की मुळं पाणी ओढत नाहीत, माती ओलीच राहते आणि मुळं कुजतात. छाटलेली झाडं बहुतेक वेळा कापल्यामुळं मरत नाहीत, कापल्यानंतरही पूर्वीसारखंच रोज तांब्याभर पाणी घातल्यामुळं मरतात. म्हणून छाटल्यावर पाणी कमी कर. बोट मातीत दोन पेरं घालून बघायचं, कोरडं लागलं तरच घालायचं. आपल्या पावसाळ्यात आठवडा-आठवडा लागणारही नाही. पहिल्या दोघींना कोंब दिसले की मग तिसरी काप.

कापलेली वेल जमिनीवर पेपर पसरून त्यावर सरळ ठेव. मातीकडची बाजू डावीकडं, शेंडा उजवीकडं, आणि ती शेवटपर्यंत तशीच राहू दे. मग तुकडे कर. प्रत्येकाला एक पान आणि एक किंवा दोन पेरं. पेराच्या खाली दोन बोटं दांडा राहू दे, वर एक बोट पुरे. खालचा काप तिरका आणि वरचा आडवा द्यायचा. याचा मुळं फुटण्याशी फार संबंध नाही, कुठलं टोक खाली आणि कुठलं वर हे नंतर विसरू नये म्हणून. पान गळलेल्या दोराच्या तुकड्यांना तर दुसरी खूणच नसते, आणि उलटा ठेवलेला तुकडा बहुधा सडतो.

पानाचे तुकडे आणि बिनपानाचे तुकडे वेगळे कर. पानाचे पाण्यात जातील. बिनपानाच्या काड्यांना स्वतःचं अन्न तयार करायला पान नाही, त्या साठवलेल्या साखरेवर जगतात. त्या पाण्यात उभ्या करण्यापेक्षा दह्याच्या रिकाम्या डब्यात ओलं कोकोपीट भरून त्यावर आडव्या टाक, डोळा वरच्या बाजूला, अर्धी काडी गाडलेली. डब्यावर सैल झाकण. महिना-दीड महिना लागतो आणि सगळ्या फुटत नाहीत. निम्म्या फुटल्या तरी फायद्यातच.

कापताना जो चीक निघतो तो हाताला लागला तर धुऊन टाक. मनीप्लांट अळू आणि सुरणाच्याच कुळातला. अळूनं घसा खाजवतो ते त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांनी, आणि तेच याच्या पानात-दांड्यात आहेत. अळू आपण चिंच घालून शिजवून खातो, हे खायचं झाडच नाही. रांगतं मूल किंवा मांजर असलेल्या घरात तुकडे आणि बाटल्या उंचावर ठेवायच्या. चावलं तर तोंडाची आग होते, लाळ गळते.

आता पाणी. नळाचं पाणी रात्रभर बादलीत उघडं ठेवलं की त्यातला क्लोरीन बराचसा उडून जातो, मग ते वापर. पारदर्शक बाटली दिसायला छान, पण उजेडानं आत हिरवं शेवाळ धरतं. औषधाची तपकिरी बाटली किंवा जुना चिनीमातीचा मग घे, नाहीतर काचेच्या ग्लासाला भोवतीनं कागद गुंडाळ. पेर पाण्यात बुडालं पाहिजे, पान पाण्याबाहेर. पान बुडालं की ते कुजतं आणि बरोबर सगळं पाणी नासवतं. एका ग्लासात पाच-सहा तुकडे बसतात, पण त्यांची गर्दी नको. उजेड भरपूर, थेट ऊन नाही. उन्हात ग्लासातलं पाणी तापतं आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. मुळांना श्वास घ्यायला तोच लागतो.

पाणी दर चार दिवसांनी बदलायचं. हे फक्त मुळांसाठी सांगत नाही. डेंग्यूचा एडिस डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो, आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. आरोग्य खात्याचे लोक दर पावसाळ्यात आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणून सांगतात, तेव्हा आपण पाण्याचा पिंप आणि फ्रिजच्या मागचा ट्रे रिकामा करतो आणि शोकेसमधली मनीप्लांटची बाटली विसरतो. त्यात भर म्हणजे अंडी पाण्यावर तरंगत नाहीत, भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटतात. नुसतं पाणी ओतून दुसरं भरलंस तर ती तिथंच राहतात. भांडं आतून घासायचंच. बाटलीच्या तोंडाला, दांड्यांच्या भोवती, कापूस सैल खोच म्हणजे डास आत शिरणार नाही.

जून-जुलैच्या उबदार, दमट हवेत आठ-पंधरा दिवसांत त्या तपकिरी टोकातून पांढरं मूळ डोकावतं. काही दिसलं नाही तरी रोज उपसून बघू नकोस. बघायचं ते दांड्याच्या खालच्या टोकाकडं. ते फिकट आणि टणक असेल तर सगळं ठीक. तपकिरी, लिबलिबीत झालं असेल, पाणी गढुळलं असेल आणि वास येत असेल, तर ते कुजतंय. मग तो तुकडा बाकीच्यांतून काढ, टणक भाग लागेपर्यंत खालून काप आणि स्वच्छ पाण्यात वेगळा ठेव. कूज पेरापर्यंत पोचली असेल तर त्याचा नाद सोड. एखादं जुनं पान पिवळं पडलं तर घाबरायचं कारण नाही, पण सगळीच पिवळी पडायला लागली तर जागा अंधारी आहे असं समज.

मुळं किती होऊ द्यायची, इथं घोटाळा होतो. पाण्यात वर्षानुवर्षं मनीप्लांट जगतो हे खरं, पण आपल्याला तो कुंडीत हवाय. पाण्यात वाढलेली मुळं पाण्यासाठीच घडलेली असतात. त्यांच्यात हवेच्या पोकळ्या जास्त आणि मातीतून ओल शोषणारे बारीक केस कमी. जितके जास्त दिवस पाण्यात, तितकं त्यांना मातीत जाणं जड. मूळ दोन-तीन इंच झालं आणि त्याला बाजूचे बारीक फाटे फुटायला लागले की लाव. साधारण तीन-चार आठवडे होतात तोवर. शोभेसाठी म्हणून चार-सहा महिने बाटलीत ठेवून मग लावलेली कलमं आधी माना टाकतात आणि खालची पानं सोडतात. सावरतात बहुतेक, पण महिना जातो.

माती मात्र शेतातली आणू नकोस. गावाकडून मायेनं पोतं भरून देतात, मला माहीत आहे. आपली काळी माती उसाला सोनं, पण कुंडीत ती भिजली की चिकटून बसते, वाळली की भेगाळते आणि मधल्या मुळांना हवा मिळत नाही. पन्हाळ्याकडची तांबडी माती दोन वाटे, कोकोपीट एक वाटा, गांडूळखत एक वाटा आणि दोन मुठी जाडी वाळू, एवढं पुरतं. कुंडी बदलायची असेल तर गंगावेशीत कुंभारांकडं मातीची बघ, तिच्या अंगातून ओल उडून जाते, पावसाळ्यात ते फायद्याचं. तळाला भोक आहे ना, ते आधी बघ. शोभेच्या कुंड्यांना पुष्कळदा नसतं.

तुझ्या आठ इंची कुंडीत जुन्या तीन थोटकांच्या भोवती आठ-दहा कलमं बसतात. बोटानं खड्डा करायचा, मुळं वाकवून कोंबायची नाहीत, पेर मातीच्या जरा खाली जाईल एवढं खोल लावायचं आणि हलकं दाबायचं. कडेनं गोल लावलीस की वेली सगळीकडं सारख्या सुटतील. मध्ये दोन-तीन आखूड कलमं लाव, म्हणजे मधला डोक्याचा भाग टकला दिसणार नाही. पहिले दहा-पंधरा दिवस माती नेहमीपेक्षा जरा ओलसर ठेव, पाण्याची सवय असलेल्या मुळांना एकदम कोरडं सोसत नाही. मग हळूहळू पूर्वीचा नियम, बोट घालून बघायचा. नवं पान उलगडेपर्यंत खत नाही. नव्या मुळांना खत भाजतं.

आता हे सगळं ऐकून कापायचा धीर होत नसेल तर तिसऱ्या वेलीवर दुसरा उपाय करून बघ. ती खिळ्यावरून उतरव आणि कुंडीतच मातीवर गोल गुंडाळून ठेव. दर पेराशी केसाची पिन उलटी टोचून पेर मातीला टेकव. हे दाब कलम. वेल आईपासून तुटलेली नसते, त्यामुळं उपाशी राहत नाही, आणि टेकलेल्या पेरांना मुळं धरतात. महिन्याभरानं दोन पेरांच्या मध्ये कात्री लावलीस की त्यातले बरेचसे डोळे स्वतंत्र फुटतात. मला विचारशील तर लांबलचक, बोडक्या वेलीला हाच उपाय जास्त बरा, पाण्याच्या बाटल्यांचा पसारा तरी कमी. पण टेकवून नुसती सोडून दिलीस आणि मधून कापली नाहीस, तर शेंडा परत सगळ्यांना झोपवून पुढं पळणार.

पानांवर पिवळे-पांढरे पट्टे हवे असतील तर तुकडे निवडताना लक्ष ठेव. ज्या भागातलं पान पट्ट्यांचं आहे, तिथल्या डोळ्यातून येणारा कोंब पट्ट्यांचा असण्याची शक्यता जास्त. अंधारात राहून वेल नुसती हिरवी झाली असेल तर त्या शेवटच्या हिरव्या भागाचे तुकडे शेजारणीला दे आणि मागचे पट्ट्यांचे आपल्याला ठेव! मार्बल क्वीनसारख्या पांढऱ्या जातीला मुळं उशिरा फुटतात, कारण पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं आणि अन्न कमी तयार होतं. तिला आठवडा-दोन आठवडे जास्त दे.

तुकड्याबद्दल हळहळू नकोस, हे झाडच तुकड्यांनी जगात पसरलंय. मूळचं ते प्रशांत महासागरातल्या मोओरेआ नावाच्या बेटावरचं. 1880 मध्ये त्याची शास्त्रीय नोंद झाली, आणि तेव्हापासून त्याला आपणहून फूल आलेलं फार क्वचित कुणी पाहिलंय. 2016 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी कारण शोधलं: फुलायला लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक तयार करणारं त्याचं एक जनुक नीट काम करत नाही. फूल नाही म्हणजे बी नाही. राजारामपुरीतल्या तुझ्या कपाटावरचा मनीप्लांट काय आणि महाद्वार रोडवरच्या दुकानातल्या आरशाशेजारचा काय, सगळे कुणाच्या तरी कात्रीनं कापलेले तुकडे आहेत.

कुंडी भरल्यावरही कात्री ठेवून देऊ नकोस. नव्या वेलींना पाच-सहा पानं आली की शेंडा एका पेरासकट खुड, पाण्यात ठेव, मुळं आली की जिथं मोकळी जागा दिसेल तिथं लाव. असं दर पावसाळ्यात एकदा आणि जमलं तर शिमग्यानंतर एकदा केलंस तर पुन्हा दोर होणार नाही.

आणि हे काम याच पावसाळ्यात उरक. दिवाळीनंतर छाटलीस तर थंडीत पाणी गार पडतं, मुळं रेंगाळतात आणि कोंबांची वाट शिमग्यापर्यंत बघत बसावी लागते.